युरियाच्या गोणीमागचे दोन हजार जातात कुठे?

“युरियाची अडीच हजारांची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपयांत मिळते. म्हणजे प्रत्येक गोणीमागे सरकार आपल्या करातले दोन हजारांवर रुपये शेतकऱ्याच्या खिशात घालतं, आणि गरीब शेतकऱ्याला सगळ्यात जास्त. तरी यांचं रडगाणं चालूच.”

असं म्हणणारे बरेच भेटतात. त्यांचा पहिला मुद्दा खिशाचा. ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना विकली जाते, हे खरं आहे. पण अनुदान शेतकऱ्याच्या खात्यात येत नाही. दुकानातल्या पॉस मशीनवर त्याचा अंगठा लागला की विक्रीची नोंद होते आणि त्या नोंदीवरून पैसे खत कंपनीला मिळतात. किती मिळणार, हे त्या कारखान्याचा उत्पादनखर्च पाहून ठरतं. १९७७ पासून पद्धतीत बदल होत गेले, तरी गाभा तोच राहिला: ज्याचा खर्च जास्त, त्याची भरपाई जास्त. एका कारखान्याची यंत्रणा जुनी असेल आणि तो गॅस जास्त जाळत असेल, तर त्याच्या गोणीमागे अनुदान वाढतं. शेतकऱ्याला मात्र दोन्ही कारखान्यांची गोणी त्याच भावात. म्हणजे त्या दोन हजारांतला काही भाग अकार्यक्षम कारखाना जगवण्याचा खर्च आहे. तो शेतकऱ्याच्या नावावर मांडणं अन्याय आहे.

केंद्राच्या २०१५-१६ च्या आर्थिक पाहणीने याचा हिशेब मांडला होता. अकार्यक्षम कारखाने, उद्योगांकडे आणि सीमेपलीकडे वळवलेला माल आणि मोठे शेतकरी यांचा वाटा वजा केल्यावर लहान शेतकऱ्यांपर्यंत युरिया अनुदानाचा सुमारे ३५ टक्केच भाग पोचतो, असा तो अंदाज होता. माल वळतो कारण प्लायवूडच्या डिंकापासून अनेक ठिकाणी युरिया लागतो आणि उद्योगाला तो पूर्ण भावाने घ्यावा लागतो. एवढी तफावत ठेवली की चोरीला वाव मिळणारच. लेपन केलेला युरिया उद्योगात वापरणं अवघड जातं; २०१५ पासून सगळ्या युरियाला निंबोळीचं लेपन सक्तीचं झालं, त्यामागे हेही एक कारण होतं.

आता “गरिबाला जास्त” हे बघू. अनुदान गोणीवर आहे, माणसावर नाही. दोन एकर कोरडवाहू सोयाबीन करणाऱ्याला युरियाची एखादी गोणी लागली तरी पुष्कळ, कारण सोयाबीन हवेतलं नत्र स्वतःच मुळांच्या गाठींत साठवतं. दहा एकर सुरू हंगामातला ऊस असेल, तर हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. म्हणजे एकरी १०० किलो. युरियात ४६ टक्के नत्र असतं, त्यामुळे सगळं नत्र युरियातूनच दिलं तर एकरी सुमारे २१७ किलो, आणि दहा एकराला ४८ गोण्या. गोणीला दोन हजार धरले तर एकाच्या नावावर दोन हजार, दुसऱ्याच्या नावावर ९६ हजार. ज्याच्याकडे पाणी आहे, त्याच्याकडे अनुदान आहे.

शिवाय २६६ हा दर बऱ्याचदा पावतीवरच राहतो. ऐन हंगामात टंचाई पडली की लिंकिंग सुरू होतं: युरिया हवा तर सोबत विद्राव्य खत किंवा सूक्ष्म अन्नद्रव्यांचा डबा घ्या. नको असलेल्या डब्याचे पैसे धरले तर गोणीचा खरा भाव कितीतरी वर जातो. भाव कागदावर बांधला, पण पुरवठा पुरेसा नसला, की फरकाची रक्कम मधला कोणीतरी वसूल करतो.

सगळ्यात मोठं नुकसान जमिनीत होतं. २०१० मध्ये स्फुरद आणि पालाशयुक्त खतांचं अनुदान अन्नद्रव्याच्या किलोवर ठरवून त्यांच्या किमती बऱ्याच अंशी मोकळ्या सोडल्या. युरिया मात्र वगळला. आज युरियातलं नत्र किलोला १३ रुपयांच्या आसपास पडतं. नत्र आणि स्फुरद दोन्ही असलेल्या डीएपी खताची गोणी १३५० ला धरली आणि तिच्यातल्या नत्राला हाच भाव लावला, तर स्फुरद किलोला ५३ रुपयांवर जातं. हात युरियाकडेच वळणार. देशासाठी नत्र, स्फुरद, पालाश यांचं ४:२:१ हे प्रमाण आदर्श मानतात. २०१२-१३ मध्ये ते ८.२:३.२:१ झालं होतं. जास्त नत्राने पीक हिरवंगार दिसतं, पण लुसलुशीत होतं, मावा-तुडतुडे वाढतात, पीक लोळतं. मग फवारणीचा खर्च येतो, तो शेतकऱ्याचाच.

आणि जो लाभ खरोखर पोचतो, तोही त्याच्याकडे पूर्ण राहत नाही. हमीभावासाठी खर्च मोजताना खताची शेतकऱ्याने मोजलेली किंमत धरतात. युरिया स्वस्त, म्हणून खर्च कमी, म्हणून हमीभावाचा पायाही कमी. त्या अनुदानातला वाटा स्वस्त धान्याच्या रूपाने शहरातल्या ताटातही येतो. रडगाणं म्हणणाऱ्यांनी तो आपल्या हिशेबात धरावा.

म्हणून अनुदान उद्या बंद करा, असं मी म्हणत नाही. युरिया एकदम पूर्ण भावाला गेला तर सोयाबीनवाला तगणार नाही. एकरी थेट रक्कम देणं जास्त स्वच्छ, कारण मग खतांचे आपसातले भाव बिघडत नाहीत. पण त्यातही अडचण आहे: रक्कम सातबाऱ्यावरच्या नावाला मिळते, आणि बटाईने कसणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा तिथे नसतं. आधी कसणाऱ्याची नोंद, मग रक्कम, आणि मग युरियाची किंमत टप्प्याटप्प्याने वर, असा क्रम हवा.