साडेचार वर्षांनी मोडलेली आरडी आणि कमी मिळालेलं व्याज

★☆☆☆☆
"यांच्याकडून पोस्टाची आरडी काढली होती. जानेवारी २०२१ पासून दरमहा ५,००० रुपये, एकही हप्ता चुकवला नाही. मुलीच्या प्रवेशासाठी १ लाख लागत होते म्हणून जुलै २०२५ मध्ये मोडली. २ लाख ७० हजार भरले आणि व्याज फक्त २५ हजार आणि काही! दर ५.८ टक्के सांगितला होता. अगदी ४ टक्क्यांनी धरलं तरी साडेचार वर्षांचे ४८,६०० होतात. निम्मं व्याज गेलं कुठे? बँकेत एक टक्काच कापतात. यांनी आपलं कमिशन आमच्याच पैशातून काढलं असणार."

नमस्कार दादा,

कामासाठी ठेवलेला पैसा ऐन वेळी अपेक्षेपेक्षा कमी हातात आला, तर राग येणारच. तुम्ही आकडे लिहिलेत ते बरं झालं, कारण तुमची आरडी काढून देणारी पोस्टाची प्रतिनिधी म्हणून त्याच आकड्यांवर मी उत्तर देऊ शकते. तुमच्या खात्याबद्दल तुम्ही स्वतः जेवढं लिहिलंय तेवढंच मी इथे वापरते आहे.

आधी ते ४८,६०० चं बघू. हा आकडा येतो २ लाख ७० हजारांवर पूर्ण साडेचार वर्षांचं व्याज धरल्यावर. पण तुमचे २ लाख ७० हजार पहिल्या दिवसापासून पोस्टात नव्हते. जानेवारी २०२१ चा हप्ता ५४ महिने राहिला, फेब्रुवारीचा ५३, आणि जून २०२५ चा शेवटचा हप्ता जेमतेम एक महिना. १ पासून ५४ पर्यंतची बेरीज १,४८५ होते. म्हणजे ५,००० रुपयांवर १,४८५ महिन्यांचं व्याज. ४ टक्क्यांनी ते सरळव्याजाने २४,७५० रुपये होतं. व्याजावरचं व्याज धरलं की आकडा थोडा वर सरकतो. तुम्हाला मिळालेले २५ हजार आणि काही रुपये तिथेच बसतात. एकरकमी मुदत ठेवीत सगळी रक्कम सगळा काळ व्याज कमावते, आरडीत प्रत्येक हप्ता आपल्या वयाप्रमाणे कमावतो. त्यामुळे आरडीचं व्याज नेहमीच मनात धरलेल्या आकड्याच्या निम्म्याजवळ दिसतं, मोडली तरी आणि पूर्ण केली तरी.

म्हणजे तुमचं खरं नुकसान ४८,६०० आणि २५,००० मधलं नाही. ते ५.८ आणि ४ टक्क्यांमधलं आहे, आणि ते लहान नाही. ५.८ टक्क्यांनी तिमाही चक्रवाढ धरली तर जुलै २०२५ पर्यंत तुमच्या खात्यावर सुमारे ३९ हजार व्याज जमलेलं होतं. त्यातले १३ हजारांच्या आसपास गेले.

ते का गेले, हे मी तुम्हाला खातं उघडतानाच नीट सांगायला हवं होतं. पोस्टाची आरडी पाच वर्षांची, ६० हप्त्यांची. तीन वर्षं पूर्ण होण्याआधी ती मोडताच येत नाही. तीन वर्षांनंतर मोडता येते, पण मग संपूर्ण काळासाठी, अगदी पहिल्या हप्त्यापासून, पोस्टाच्या बचत खात्याचा दर लागतो. तो ४ टक्के आहे. पावतीवर 'दंड' असा शब्द किंवा वेगळी रक्कम कुठे दिसत नाही. दर खाली येतो तोच दंड. तुमच्या मुद्दलातला रुपयाही कापलेला नाही, पण तिमाहीला तिमाही मोजलेलं व्याज नव्याने, कमी दराने मांडलं गेलं. आरडीचं व्याज मधल्या काळात हिशोबात चढत जातं, मात्र ते हक्काचं होतं मुदत पूर्ण झाल्यावर. तोपर्यंत ते अटीवरचं व्याज आहे असंच धरायला हवं.

मुदत किती जवळ आली होती, याला या नियमात काही किंमत नाही. तीन वर्षं एक दिवसाने मोडली तरी ४ टक्के आणि मुदतीच्या आदल्या दिवशी मोडली तरी ४ टक्के. इथे आणखी एक फसगत होते, आणि हे वाचणाऱ्या इतर खातेदारांसाठी मुद्दाम लिहिते. साठावा हप्ता भरला की आरडी संपली असं पुष्कळांना वाटतं. पण तो हप्ता साठाव्या महिन्याच्या सुरुवातीला जातो आणि मुदत संपते पाच वर्षं पुरी झाल्यावर. पासबुकावर ६० शिक्के बघून कुणी त्याच आठवड्यात पैसे काढायला गेलं, तर तेही मुदतीआधी मोडणंच ठरतं. म्हणून हप्ते मोजू नका, पासबुकावरची मुदतपूर्तीची तारीख बघा.

बँकेचं तुम्ही म्हणता ते अर्धं बरोबर आहे. बऱ्याच बँका अर्धा ते एक टक्का कापतात, पण तो ठरलेल्या दरातून कापतात असं समजू नका. आधी आरडी प्रत्यक्षात जेवढा काळ चालली, तेवढ्या मुदतीला खातं उघडलं त्या दिवशी जो दर होता तो धरतात, आणि त्यातून दंड वजा करतात. समजा पाच वर्षांना साडेसहा टक्के ठरले होते आणि दोन वर्षांना त्या दिवशी सहा होते. दोन वर्षांनी मोडल्यावर एक टक्का कापून पाच मिळतील, साडेपाच नाही. तरीही शेवटच्या वर्षात मोडायची वेळ आली तर बँकेची पद्धत पोस्टापेक्षा सौम्य पडते, हे मी मान्य करते.

कमिशनबद्दल. पोस्टाच्या आरडीवर आम्हा महिला प्रतिनिधींना जमा होणाऱ्या हप्त्यावर ४ टक्के कमिशन मिळतं. ते सरकार देतं, खातेदाराच्या जमेतून जात नाही. तुमच्या पासबुकावर ५४ वेळा पूर्ण ५,००० ची नोंद आहे. त्यातला एखादा हप्ता ४,८०० दिसला तर तुम्ही माझ्यावर खुशाल तक्रार करा. बचत खात्याचा दरही योगायोगाने ४ टक्केच आहे, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकच वाटल्या असतील, पण त्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

आता जिथे चूक आमची आहे तिथे येते. तुम्हाला १ लाख हवे होते हे मला तुमच्या या लिखाणातून कळलं. त्या दिवशी मी हप्ते भरायला पोस्टात गेले होते, आणि आमच्या ऑफिसात तुम्ही "आरडी मोडायची आहे" म्हणालात तसा खातं बंद करण्याचा अर्ज भरून दिला गेला. किती हवेत, कशासाठी, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मोडायची गरजच नव्हती.

आरडीत १२ हप्ते भरून एक वर्ष झालं आणि खातं चालू असलं की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं. व्याज आरडीच्या दरापेक्षा २ टक्के जास्त, म्हणजे तुम्हाला ७.८ टक्के पडलं असतं. ते हप्त्याने किंवा एकरकमी फेडता येतं, आणि नाहीच फेडलं तर मुदत संपल्यावर मिळणाऱ्या रकमेतून व्याजासह वळतं करून घेतात. खिशातून वेगळं काही काढावं लागत नाही.

तुमचाच हिशोब करून बघा. जुलै २०२५ मध्ये तुम्हाला १ लाख ३५ हजारांपर्यंत कर्ज मिळू शकलं असतं. त्यातून १ लाख मुलीच्या प्रवेशाला आणि ३० हजार उरलेल्या सहा हप्त्यांना, असे १ लाख ३० हजार उचलले असते. सहा महिन्यांचं व्याज ५,०७० रुपये. जानेवारी २०२६ मध्ये आरडीचे पूर्ण ३,४८,४८४ झाले असते. त्यातून कर्ज आणि त्याचं व्याज वजा जाता तुमच्या हातात २,१३,४१४ रुपये.

प्रत्यक्षात काय झालं? मोडून साधारण २ लाख ९५ हजार आले, १ लाख प्रवेशाला गेले, उरले १ लाख ९५ हजार. ते बचत खात्यात सहा महिने ठेवले असतील तर ३,९०० व्याज धरून १ लाख ९९ हजारांच्या जवळपास. म्हणजे दोन्ही वाटांमध्ये १४ हजारांहून जास्त फरक. कर्जाचा दर ७.८ बघून माणूस मागे फिरतो, कारण ते ५.८ पेक्षा महाग वाटतं. पण ते महाग व्याज फक्त उचललेल्या रकमेवर आणि फक्त सहा महिने लागलं असतं. मोडल्यावर मात्र दर घसरला तो ५४ च्या ५४ हप्त्यांवर. आमच्या ऑफिसात तुम्हाला एवढं कुणीतरी दाखवायला हवं होतं आणि ते दाखवलं गेलं नाही, याबद्दल मी तुमची माफी मागते.

प्रत्येकाला कर्जच घ्या असं मात्र मी सांगणार नाही. तुम्हाला अडीच लाख लागले असते तर निम्म्यात भागलं नसतं, आणि मोडणंच योग्य होतं. तीन वर्षं नुकतीच झाली असतील आणि पुढचे हप्ते झेपणार नसतील तरी तेच. मुदत संपायला थोडेच महिने राहिलेले आणि गरज निम्म्याच्या आतली, अशा वेळी कर्जाचा विचार आधी करायचा.

बंद झालेलं खातं पुन्हा चालू होत नाही, त्यामुळे ते १४ हजार मी परत आणू शकत नाही. पण तुमचं पासबुक आणि खातं बंद करताना मिळालेला कागद घेऊन या. व्याजाचा हिशोब मी तुमच्यासमोर हप्त्यागणिक मांडून देते, आणि ४ टक्क्यांनी येणाऱ्या रकमेपेक्षा पोस्टाने कमी दिलेलं निघालं तर पोस्टमास्तरांकडे अर्ज मी लिहून देईन, सोबतही येईन. आमच्या भिंतीवरच्या तक्त्यात आजवर फक्त पाच वर्षांनी मिळणारी रक्कम होती. त्याच्या शेजारी आता तीन, चार आणि साडेचार वर्षांनी मोडल्यास काय मिळेल तेही लिहिलं आहे, आणि मोडायचा अर्ज देण्याआधी "किती हवेत?" हे विचारायचं असं ऑफिसात सगळ्यांना बजावलं आहे. मी सोमवार ते शुक्रवार दुपारी तीननंतर ऑफिसात असते.