वाचता आलं नाही, तर तसं लिहा

जुन्या कात्रणांचे फोटो ग्रुपवर येतात आणि दहा मिनिटांत कुणीतरी खाली सगळा मजकूर टाइप करून टाकतं. एकही प्रश्नचिन्ह नाही, एकही जागा रिकामी नाही. मला भीती वाटते ती नेमकी अशा स्वच्छ मजकुराची.

परवाचंच घ्या. एका वहीच्या पानावर चिकटवलेली निधनवार्ता, बाजूला पेन्सिलीने ‘ऑगस्ट १९५७’. कागद पार तपकिरी. आपण म्हणतो शाई उडाली, पण वर्तमानपत्राची काळी शाई काजळीची असते, ती सहसा टिकते. कागद काळवंडतो आणि अक्षर व पार्श्वभूमी यांतला फरकच संपतो. त्यात पाठवणाऱ्याने अख्ख्या पानाचा एकच फोटो काढला होता. पान साधारण ३० सेंटिमीटर रुंद आणि फोटो ग्रुपवरून आला तो १२०० पिक्सेलचा. म्हणजे सेंटिमीटरला ४० पिक्सेल. दोन मिलिमीटरच्या अक्षराच्या वाट्याला आठ, आणि अनुस्वाराच्या टिंबाला एक, फार तर दोन!

आता भ आणि म शेजारी ठेवून बघा. मोठा फरक आहे तो डावीकडे शिरोरेघ तुटण्याचा. ध आणि घ यांचंही तेच. ती फट आठ पिक्सेलच्या अक्षरात जेमतेम एका पिक्सेलची उरते, आणि छापतानाच तिथे शाई भरलेली असेल तर तेवढीही नाही. त्यामुळे आडनाव ‘मोरे’ की ‘भोरे’ हे त्या फोटोवरून कुणालाही सांगता येणार नाही. ग्रुपवर मात्र ‘मोरे’ असं ठामपणे लिहिलं गेलं, कारण मोरे आपल्या जास्त ओळखीचे.

त्याहून गंमत पुढच्या ओळीत. टाइप करणाऱ्याने लिहिलं, ‘अल्पशा आजाराने निधन झाले’. निधनवार्तेत हे इतकं ठरलेलं वाक्य आहे की डोळे वाचायच्या आधीच हात टाइप करतो. फोटोत ‘आजाराने’च्या आधी फक्त एक करडा डाग आहे. त्याची रुंदी शेजारच्या स्पष्ट अक्षरांशी ताडली तर तिथे दोनच अक्षरं मावतात. ‘अल्पशा’ तीन अक्षरांचा. मग ‘दीर्घ’ असेल? असेलही. पण रुंदीवरून एवढंच कळतं की ‘अल्पशा’ बसणं कठीण. ‘दीर्घ’ आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. तिथे [..] एवढंच लिहावं, अक्षरागणिक एक टिंब.

तारखेचं जरा वेगळं. ‘सोमवार ता. १’ स्पष्ट, पुढचा आकडा १ किंवा ९. त्या महिन्यात ११ तारखेला रविवार होता आणि १९ ला सोमवार. म्हणजे १९. तरीही मी ‘१[९]’ असंच लिहीन आणि खाली ‘आकडा वारावरून ठरवला’ अशी टीप देईन. डोळ्यांनी वाचलेलं आणि तर्काने भरलेलं एकाच ठशात मिसळलं, की पुढच्या माणसाला ते वेगळं काढता येत नाही. उद्या कळलं की पेन्सिलीतलं साल चुकीचं आहे, तर कुठला आकडा पुन्हा तपासायचा हे त्या कंसामुळे लगेच कळेल.

प्राचीन ग्रीक-लॅटिन लेख वाचणाऱ्या अभ्यासकांनी अशा खुणा १९३१ साली लायडनला बसून ठरवल्या. त्यांत शंकास्पद अक्षराखाली टिंब देतात. आपल्याकडे ते चालणार नाही, खालचं टिंब नुक्ता समजलं जाईल. म्हणून साधा कंस बरा: [मो/भो]. नुसती वेलांटी शंकास्पद असली तरी अख्खं अक्षर कंसात घ्या, [कि/की] असं. सुटी वेलांटी मोबाइलवर ठिपक्यांच्या गोलासकट उमटते. आणि अनुस्वारांचं म्हणाल, तर १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीचा मजकूर आहे, ‘झालें’, ‘नांव’ असं छापलेलं असू शकतं. म्हणून दिसत नसलेलं टिंब घालू नका, आणि दिसत असलेलं आजच्या सवयीने पुसू नका.

फोटो ‘एन्हान्स’ करणाऱ्या ॲपवर माझा काडीचा विश्वास नाही. अस्पष्ट डागातून ते छान रेखीव अक्षर काढून देतं, पण ती रेघ कागदावर होती की ॲपने काढली, हे कसं ओळखणार? त्यापेक्षा एडिटिंगमध्ये फक्त लाल चॅनल ठेवून बघा. पिवळट-तपकिरी कागद त्यात उजळतो, शाई काळीच राहते. फोटोत मुळात नसलेलं अक्षर तेही आणून देणार नाही, ती मर्यादा आहेच.

खरा उपाय वहीजवळच्या माणसाच्या हातात आहे. दिवसाउजेडी, फ्लॅश न मारता, एकेका कात्रणाचा जवळून फोटो घ्यायचा आणि तो फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. कात्रण पाच सेंटिमीटर रुंद असेल आणि चौकटभर घेतलं, तर ३००० पिक्सेलच्या फोटोत तेच दोन मिलिमीटरचं अक्षर १२० पिक्सेलचं होतं. शिरोरेघेतली फट तिथे दिसायला हवी, अर्थात ती छापली गेली असेल तर. तसा फोटो मागवलाय. तोवर आमच्या नोंदीत आडनाव [मो/भो]रे असंच आहे, आणि ‘कंस काढा, वाईट दिसतो’ म्हणणाऱ्या दोघांना मी नाही म्हटलंय.