अंतराला 210 मार्क

नाशिकला शालिमारच्या एका झेरॉक्सच्या दुकानात परवा एका अनोळखी काकांनी माझ्या लेकीच्या कॉलेजांची बेरीज केली. अक्षरशः बेरीज, हातचा धरून. माझा राग अजून उतरलेला नाही.

तिचा इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म भरायचाय. त्यासाठी मी तक्ता केला होता: कॉलेज, कटऑफ, फी, प्लेसमेंट, अंतर, होस्टेल. तो काउंटरवर ठेवला, एवढाच माझा गुन्हा. काका सातबाऱ्याच्या प्रती काढायला आले होते. कपाळावरचा चष्मा नाकावर घेत म्हणाले, "टोटल कुठंय?"

"कसली टोटल?"

"तक्त्याला टोटल नको? विकास सोसायटीचा हिशोब लिहिलाय मी, साहेब."

तोवर दुकानातलं सुतळीनं बांधलेलं बॉलपेन त्यांच्या हातात आलंच होतं. पुण्याच्या कॉलेजची ओळ धरली. "कटऑफ नव्वद पॉइंट आठ. प्लेसमेंट चौऱ्याण्णव. आणि हे दोनशे दहा..."

"अहो काका, ते किलोमीटर आहेत!"

"मग? लांबचंच कॉलेज चांगलं असतं. जवळचं असतं तर होस्टेल कशाला बांधलं असतं?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. होस्टेलच्या रकान्यात 'आहे' लिहिलं होतं, त्याला त्यांनी दहा दिले. नाशिकच्या कॉलेजपुढे 'नाही' होतं, त्याला भोपळा. फी मात्र वजा, कारण ती खर्चाची बाजू. मी फी लाखात लिहिली होती, 1.4 आणि 1.1. ती त्यांनी तशीच वजा केली. पुणे 403.4, नाशिक 177.3. माझी झोप उडवणाऱ्या आकड्यानं सगळा मिळून दीड मार्कही खाल्ला नाही.

हसा खुशाल. पण पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारे तक्ते तरी कुठे शहाणे असतात? सीईटी सेलच्या कटऑफच्या पीडीएफमध्ये प्रत्येक चौकोनात दोन आकडे असतात, वर मेरिट नंबर आणि खाली कंसात पर्सेंटाइल. वरच्या आकड्याला फी समजणारे पालकही मी पाहिलेत. रकान्यांच्या डोक्यावर कोड असतात. लेकीचे पर्सेंटाइल 91.2. त्याच पुण्याच्या कॉलेजला GOPENH खाली 92.6 होतं, LOPENH खाली 90.8. L म्हणजे मुलींच्या राखीव जागा आणि H म्हणजे होम युनिव्हर्सिटी. नाशिक आणि पुणे दोन्ही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातच येतात, म्हणून तो H आम्हालाही लागू. ग्रुपवर मात्र फक्त 92.6 फिरत होतं, आणि 91 वाल्या मुलींचे बाप ते कॉलेज बिनदिक्कत खोडत होते.

प्लेसमेंटच्या 94 टक्क्यांसाठी मी कॉलेजला फोन केला. 94 टक्के कुणाचे? "पात्र विद्यार्थ्यांचे, सर." पात्र म्हणजे बॅकलॉग नसलेले आणि प्लेसमेंटला नाव नोंदवलेले. ब्रँचला मुलं 180, पात्र 100, नोकरी 94 जणांना. म्हणजे 180 मधल्या निम्म्यांहून जेमतेम जास्त. पुढे शिकायला गेले किती, घरी बसले किती, हे विचारल्यावर फोनवर गाणं लागलं. कॉलेजच्या वेबसाइटवर एनआयआरएफला दिलेली माहिती कोपऱ्यात कुठेतरी असते. त्यात वेळेत पास झालेले, नोकरी लागलेले, पुढे शिकायला गेलेले असे वेगवेगळे आकडे असतात, आणि मीडियन पगारही. मीडियन म्हणजे रांगेत मधोमध उभ्या असलेल्या मुलाचा पगार. तो फ्लेक्सवर कधीच नसतो. फ्लेक्सवर एकाच मुलाचं सर्वांत मोठं पॅकेज असतं, आणि त्याच्याशेजारी संस्थेच्या अध्यक्षांचा त्याच्या दुप्पट मोठा फोटो.

'होस्टेल आहे' हेही तसंच. आहे, पण पहिल्या वर्षाच्या मुलींना जागा उरतील तशा, आणि मेसचे पैसे वेगळे. नाशिकच्या कॉलेजचं 11 किलोमीटर अंतर सीबीएस बसस्टँडपासून मोजलेलं. आम्ही राहतो नाशिकरोडला. सीबीएसवर काय तंबू ठोकायचा? सकाळी द्वारका चौक ओलांडायला लागणारा वेळ तर कुठल्याच रकान्यात बसत नाही.

इकडे दुकानदारानं काकांच्या टोटलसकट प्रती काढल्या होत्या. मागे उभ्या असलेल्या दोन पालकांनी "आम्हाला पण एकेक" म्हणून त्या घेतल्या. काकांनी 403.4 भोवती गोल करून 'पहिला नंबर' असं लिहून ठेवलं होतं. मी ओरडून सांगितलं, "अहो, फॉर्ममध्ये एक नंबरला टाकलेलं कॉलेज पहिल्याच राउंडला मिळालं तर ऑटो फ्रीझ होतं! पुढच्या राउंडला जाता येत नाही! खरंच हवं असेल तेच वर टाका!"

"पक्कं झालेलं बरंच की," काका म्हणाले. दुकानदारानं माझ्याकडून सगळ्या प्रतींचे पैसे घेतले. त्यात काकांचा सातबाराही होता.