खणाच्या कुर्त्याचा गळा आणि भरमसाट कट

«कुर्त्याचा गळा गोल हवा तर मधली चीर आधी कापून घ्या, पट्टी उरेब कापा आणि उलटण्याआधी मायेला जितके जास्त कट द्याल तितकी गोलाई छान बसते.»

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे शिवणकाम शिकणाऱ्या मुलींच्या वहीत हा सल्ला हमखास सापडतो. गेल्या महिन्यात निपाणीची एक ताई असाच शिवलेला गुळेदगुड्ड खणाचा कुर्ता घेऊन आली. गळ्याला जागोजागी टोकं आली होती आणि दोन कटांपाशी धागे सुटून शिवण उघडी पडली होती.

कटांचं आधी सांगते. गळ्याची गोलाई तीन इंच त्रिज्येचं अर्धवर्तुळ धरा. माया अर्धा इंच ठेवली तर तिची कडा अडीच इंचांच्या गोलाईवर असते, म्हणजे लांबी सुमारे ७.८५ इंच. पट्टी आत उलटली की तीच कडा साडेतीन इंचांच्या गोलाईवर पसरावी लागते आणि तिथं ११ इंच हवेत. तीन इंचांहून जास्त कापड कमी पडतं, म्हणून गळा ओढला जातो. शिवल्यावर माया छाटून एक सूत ठेवली, तर तूट पाऊण इंचावर येते. गोलाई बसते ती या छाटणीमुळे. त्यानंतर अर्ध्या-अर्ध्या इंचावर कट पुरतात, तेही टिपेच्या दोन धागे अलीकडे थांबणारे. खण पटकन सुटतो, म्हणून तिथं कट आणखी कमी करा. उलटल्यावर टोकं दिसली, तर कट फार विरळ आहेत किंवा टिपेला भिडलेत.

उरेब पट्टी साध्या गोल गळ्याला खरोखर चांगली बसते. पण चीर असेल तेव्हा नाही, कारण चिरेच्या सरळ कडेवर ती ताणते आणि लाटा उठतात. तिथं पट्टी गळ्याच्याच आकाराची, अंगाच्याच उभ्या धाग्यावर कापा आणि मागून पातळ पेस्टिंग लावा.

चीर आधी कापणं तर मला अजिबात पटत नाही. कापली की दोन्ही कडा सैल होतात आणि एक बाजू खाली सरकते. कुर्त्याच्या सुलट बाजूवर पट्टीची सुलट बाजू ठेवा, मधोमध खडूची रेघ ओढा. रेघेपासून एक सूत अंतरावर टीप खाली न्या, तळाशी एक आडवा टाका घ्या, दुसऱ्या बाजूनं वर या. बटणाचा लूप शिवणीत आताच अडकवायचा. गळ्याची गोलाईही त्याच सलग टिपेत घ्या. टाका बारीक ठेवा. मगच चीर कापा आणि तळाशी दोन्ही कोपऱ्यांकडे तिरके कट द्या, टाक्याच्या एक-दोन धागे अलीकडेपर्यंत. ते कमी पडले तर तळाशी चुणी येते.

ताईचा गळा उसवून पाव इंच मोठा कापला, माया छाटली. मग पट्टी आणि माया एकत्र धरून शिवणीलगत फक्त पट्टीवर एक टीप मारली. इस्त्री दाबून ठेवली, फिरवली नाही. आता पट्टी बाहेर डोकावत नाही.