एफडी केली की बाजारातला पैसा आटतो? फिरणाऱ्या मेसेजमधले चार दावे

मेसेज असा आहे: «रिझर्व्ह बँक म्हणते देशात २५० लाख कोटी रुपये आहेत. पण नोटा आहेत फक्त ३५ लाख कोटींच्या. मग बाकीचे कुठून आले? कागदावरचे खोटे पैसे! सेव्हिंगचा पैसा एम१ मध्ये मोजतात, एफडीचा एम३ मध्ये. म्हणून सुगीला लोकांनी एफडी केल्या की बाजारातला पैसा आटतो. पतसंस्थेतल्या ठेवीपण एम३ मध्येच येतात, म्हणजे त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेची नजर आहे. बिनधास्त ठेवा.»

पहिला दावा, खोट्या पैशाचा. एम१ आणि एम३ ही देशातला पैसा मोजण्याची रिझर्व्ह बँकेची मापे. मार्च २०२४ च्या सुमारास एम३ जवळपास २५० लाख कोटी होता आणि चलनातल्या नोटा-नाणी ३५ लाख कोटींच्या आसपास, म्हणजे आकडे ठीकच आहेत. चूक त्यांच्या वाचनात आहे. एम३ ही नोटांची मोजणी नाही. जनतेच्या हातातले चलन, बँकांतल्या मागणी ठेवी म्हणजे मागताक्षणी मिळणारा पैसा, बँकांतल्या मुदत ठेवी आणि रिझर्व्ह बँकेकडच्या किरकोळ 'इतर ठेवी' या सगळ्यांची ती बेरीज आहे. त्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग मुदत ठेवींचा असतो. बँक एखाद्याला एक लाखाचे कर्ज देऊन रक्कम त्याच्या खात्यावर जमा करते, त्या क्षणी एक लाखाची ठेव तयार होते. त्यासाठी एकही नवी नोट छापावी लागत नाही. ती ठेव खोटी नाही, कारण त्याच खात्यावरून खतवाल्याला पैसे पोचतात. शिवाय बँकेच्या तिजोरीतली रोकड 'जनतेच्या हातातल्या चलनात' धरत नाहीत, आणि एका बँकेने दुसऱ्या बँकेत ठेवलेली रक्कमही वगळतात. जिल्हा बँकेने राज्य सहकारी बँकेत ठेवलेले पैसे पुन्हा मोजले, तर एकच रुपया दोनदा दिसेल. सरकारची रिझर्व्ह बँकेतली शिल्लकही यात नसते.

दुसरा दावा सगळ्यात जास्त लोकांना पटतो आणि नेमका तोच चुकीचा आहे. एक तर एम१ आणि एम३ हे दोन वेगळे कप्पे नव्हेत. एम१ म्हणजे जनतेच्या हातातले चलन, मागणी ठेवी आणि त्या 'इतर ठेवी'. एम३ म्हणजे एम१ अधिक मुदत ठेवी, त्यामुळे एम१ मधला प्रत्येक रुपया एम३ मध्ये असतोच. दुसरे म्हणजे बचत खात्यातला सगळा पैसा एम१ मध्ये जात नाही. चालू खात्याची शिल्लक पूर्णपणे मागणी ठेव असते. बचत खात्याची मात्र वाटणी होते.

ही वाटणी बँक दर सहामाहीला, ३० सप्टेंबर आणि ३१ मार्चच्या स्थितीवर करते. त्या सहा महिन्यांतल्या प्रत्येक महिन्याची किमान शिल्लक घेऊन तिची सरासरी काढतात. तो भाग मुदत ठेव. त्याच काळातल्या प्रत्यक्ष शिल्लकीच्या सरासरीतून तो वजा केला की उरते ती मागणी ठेव. समजा एका बँकेत बचत खात्यांची सरासरी शिल्लक १,००० कोटी आहे आणि किमान शिल्लकींची सरासरी ८५० कोटी. मग तिच्या बचत ठेवींतले ८५ टक्के मुदतीत आणि १५ टक्के मागणीत. खातेदाराला याचा पत्ताही लागत नाही, कारण पासबुकावर काहीच दिसत नाही. पण कोणाला पडताळायचे असेल तर रिझर्व्ह बँकेच्या तक्त्यातला 'मागणी ठेवी'चा आकडा बघा. देशातल्या नुसत्या बचत ठेवीच त्याच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या आहेत. त्या सगळ्या एम१ मध्ये असत्या, तर हे शक्यच झाले नसते.

आता सुगीचा, म्हणजे एफडीने पैसा आटण्याचा दावा. लातूरच्या बाजार समितीत सोयाबीन विकले, आडत्याने आपल्या चालू खात्यातून शेतकऱ्याच्या बचत खात्यावर १,२०,००० रुपये टाकले असे धरू. शेतकऱ्याच्या बँकेचे प्रमाण वरचेच, १५ आणि ८५.

आडत्याकडे असताना पूर्ण १,२०,००० एम१ मध्ये होते. शेतकऱ्याच्या खात्यात आल्यावर त्यातले १८,००० मागणी ठेवीत राहिले आणि १,०२,००० मुदतीत गेले. एम१ कमी झाला १,०२,००० ने, एम३ मात्र होता तेवढाच राहिला. लक्षात घ्या, अजून कोणी एफडी केलेली नाही.

मग शेतकऱ्याने मजुरी द्यायला २०,००० रोख काढले. ठेवीतून २०,००० गेले, त्यातला मागणीचा भाग फक्त ३,०००. हातात मात्र २०,००० ची रोकड आली. एम१ १७,००० ने वाढला. एम३ जागचा हलला नाही.

६०,००० ची एफडी केली. बचत खात्यातल्या या रकमेतले ५१,००० आधीच मुदतीत धरलेले होते, फक्त ९,००० मागणीतून मुदतीकडे सरकले. एम१ ९,००० ने घटला, एम३ पुन्हा होता तेवढाच राहिला. ज्या एफडीवर मेसेजचा सगळा रोख आहे, तिचा परिणाम एवढाच.

उरलेले ४०,००० बँकेने पीककर्जात वळते करून घेतले. इथे कर्जही गेले आणि ठेवही गेली. एम१ ६,००० ने कमी झाला आणि एम३ पूर्ण ४०,००० ने. पैसा आटतो तो इथे, कर्जफेडीत. याच्या उलट, पेरणीच्या वेळी पीककर्ज उचलले की एम३ वाढतो. मंजूर झालेली पण न उचललेली मर्यादा कुठल्याच मापात नसते; किसान क्रेडिट कार्डावर दीड लाखाची मर्यादा आहे म्हणून देशात दीड लाख वाढले असे होत नाही.

नोटा आणि एम३ यांची फारकत नोटाबंदीत उघड दिसली. ८ नोव्हेंबर २०१६ ला बाद केलेल्या नोटा १५ लाख कोटींहून जास्त किमतीच्या होत्या. जनतेच्या हातातली रोकड कोसळली, मार्च २०१७ ला ती आदल्या मार्चपेक्षाही खाली होती. एम३ मात्र वाढलेलाच होता, फक्त वेग मंदावला होता. कारण सरळ आहे. नोटा बँकेत भरल्या की रोकड घटते आणि तेवढीच ठेव वाढते. एम३ मध्ये दोन्ही बाजू आहेत, एम१ मध्ये ठेवीचा एकच भाग आहे.

राहिला पतसंस्थेचा दावा. मराठवाड्यात हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी तरी हा भाग पुसून टाकावा. एम३ मध्ये बँकांतल्या ठेवी येतात: व्यापारी बँका, राज्य सहकारी, जिल्हा मध्यवर्ती आणि नागरी सहकारी बँका. पतसंस्था, मग ती मल्टीस्टेट का असेना, बँक नसते. तुम्ही बँकेतून एक लाख काढून पतसंस्थेत ठेवले की तो पैसा पतसंस्थेच्या बँकखात्यावर जातो. एम३ मध्ये तो अजूनही आहे, पण पतसंस्थेच्या नावाने. तुमच्या पावतीवरचा एक लाख कुठल्याच तक्त्यात नाही. धरला तर एकाच लाखाची दोनदा मोजणी होईल.

आणि मोजणी म्हणजे हमी नव्हे. बँकेतल्या ठेवीला विमा आहे तो वेगळ्या कायद्याने, ठेव विमा महामंडळाचा. ४ फेब्रुवारी २०२० पासून तो एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासह पाच लाखांपर्यंत मिळतो. सहकारी बँकांनाही तो लागू आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. पैसे ठेवण्यापूर्वी पाटीवरचे नाव नीट वाचा, आणि बँक असेल तर ती विमाधारक बँकांच्या यादीत आहे का, ते शाखेत विचारून घ्या.