मर्यादा पन्नास हजारांची, कात्री तुमच्या हातात

सप्लायरचं बिल मंजूर करून घेणं ही कला आहे. कंपनीच्या अधिकार-तक्त्यात काय लिहिलंय? खातेप्रमुखाला पन्नास हजारांपर्यंत, प्लांट हेडला पाच लाखांपर्यंत, त्यापुढे डायरेक्टर. नवखी माणसं हा नियम समजतात. तुम्ही तो आव्हान समजा.

सर्वात आधी, काम करून घ्या आणि परचेस ऑर्डर, म्हणजे पीओ, मागाहून काढा. पीओची तारीख बिलाच्या नंतरची दिसली तरी कोण बघतंय?

आता मुख्य विद्या. समजा शेडचं रंगकाम आहे, १,२६,००० रुपयांचं. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,४८,६८०. सरळ पाठवलंत तर प्लांट हेडकडे जाणार, ते तीन कोटेशन्स मागणार, दोन दिवस जाणार. त्यापेक्षा कंत्राटदाराला सांगा, तीन बिलं दे. पण हिशोब नीट करा हं! ४६ हजारांची केलीत तर करासकट ५४,२८० होतील आणि फसाल. ४२ हजारांची करा. करासकट ४९,५६०, मर्यादेच्या ४४० रुपये आत. पहिल्यावर लिहा 'पूर्व बाजू रंगकाम', दुसऱ्यावर 'पश्चिम बाजू', आणि तिसऱ्यावर, कल्पनाशक्ती संपली म्हणून, 'उर्वरित'. बिल क्रमांक २११, २१२, २१३, तिन्हींची तारीख एकच. गेल्या आठवड्यात असाच गठ्ठा माझ्या टेबलावर आला. अहो, निदान तारखा तरी बदलायच्या! एक काम, एक कंत्राटदार, एक दिवस, आणि तिन्ही आकडे पैशापर्यंत सारखे. अकाउंट्सवाले आंधळे आहेत अशी समजूत आहे का? सप्लायरवार यादी काढायची, त्यातली ४५ ते ५० हजारांमधली बिलं वेगळी करायची, की हे सगळं पाच मिनिटांत उघडं पडतं. सिस्टीम अडवत नाही, कारण ती एकेक बिल तेवढं तपासते. मर्यादा पीओच्या पूर्ण रकमेवर लावली आणि एका सप्लायरची तीस दिवसांची बेरीज तिच्याशी ताडून पाहिली, तर तिसरं सोडा, दुसरंच बिल अडकेल. तशी सेटिंग करू म्हटलं की मीटिंगमध्ये "कामं खोळंबतील" म्हणून ओरड करणारे तुम्हीच. आणि विचारलं की उत्तर काय, तर "अर्जंट होतं". रंगकाम! चार वर्षं गंजत पडलेल्या शेडचं!

असो. पुढचा सल्ला. माल मोजू नका. पीओत पन्नास गोण्या, बिलात पन्नास गोण्या, मग स्टोअरच्या पावतीतही पन्नासच लिहा. गेटवर चाळीस उतरल्या हे फक्त वॉचमनच्या रजिस्टरला माहीत असू द्या. पीओ, पावती आणि बिल तिन्ही जुळतात, मंजुरी बिनबोभाट मिळते.

सप्लायरचा बँक खाते क्रमांक बदलल्याचा मेल आला तर त्याच मेलमधल्या नंबरवर फोन करून खात्री करा. समोरचा नक्की "हो" म्हणेल. आपल्या रेकॉर्डमधल्या जुन्या नंबरवर फोन करणं म्हणजे अविश्वास.

आणि साहेब रजेवर गेले तर? सिस्टीममध्ये तारखेपासून तारखेपर्यंत दुसऱ्याला अधिकार देता येतो, पण ते कोण शोधत बसणार. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून द्या. बँकेतही तेच: पेमेंट टाकणारा तोच, मंजूर करणारा तोच, दोन्ही ओटीपी एकाच मोबाईलवर. नवा सप्लायर उघडायचा अधिकारही त्यालाच देऊन टाका. उद्या त्याने मेव्हण्याच्या नावाने खातं उघडून बिल टाकलं, तर रेकॉर्डमध्ये दोन सह्या असतील आणि माणूस एकच. आणि ऑडिटरसमोर उभं राहायचं ते साहेबांनी, कारण लॉगमध्ये नाव त्यांचं आहे, रजेच्या दिवशीचं.

बास झालं. आता सरळ बोलतो.

तुमची कापलेली बिलं आम्ही थांबवतो तेव्हा त्यांच्यामागे खरी बिलंही तुंबतात. वेळेवर माल देणारा छोटा कारखानदार रोज फोन करतो. तो नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर करारात काहीही लिहा, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पलीकडे त्याचे पैसे ठेवता येत नाहीत. ठेवलेत तर बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. ते व्याज कुणाच्या बजेटमधून जाणार, हे तुम्ही कधी विचारलंय? नाही. तुम्ही विचारता, "माझं बिल अजून का अडकलंय?"

तुम्हीच अडकवलंय म्हणून. प्लांट हेडची सही दोन दिवसांत मिळाली असती. २११, २१२ आणि २१३ परत पाठवली आहेत. कंत्राटदाराकडून ती रद्द करून एकच बिल घ्या, कोटेशन्स जोडा आणि ज्यांची सही लागते त्यांच्याकडेच जा. मला फोन करू नका.