‘नुसते तारेच दिसतात’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

> “लेख वाचून तसंच केलं. नोटिशीच्या मजकुरात तारे घातले, ग्रुपवर पाठवली, ठळक काहीच झालं नाही, नुसते तारेच दिसतात. तिरकी अक्षरं मराठीत कळतही नाहीत. याद्या तर नव्या फोनवरच चालत असणार. अशा टिपा लिहिण्याआधी स्वतः करून बघत चला. आणि मुळात नोटिशीची पीडीएफ टाकली की काम झालं, एवढा खटाटोप कशाला?”

व्हॉट्सॲपवरच्या नोटिशीत ठळक अक्षरं, तिरकी अक्षरं आणि याद्या कशा करायच्या यावरच्या माझ्या लेखाला आलेली आपली प्रतिक्रिया एक अक्षरही न गाळता वर ठेवली आहे, अगदी ‘करून बघत चला’सकट. नऊ वर्षं मी तीन ग्रुपांच्या नोटिसा टाइप करतो आहे, तेव्हा करून बघण्याचा भाग बऱ्यापैकी झालेला आहे. चूक दाखवा, जरूर दाखवा. पण ‘जमलं नाही’ आणि ‘तुम्ही खोटं लिहिलंत’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपला सूर दुसरीचा आहे. असो.

तारे तसेच राहिले याचा अर्थ व्हॉट्सॲपला त्यांची जोडी लागली नाही. ठळक करण्यासाठी सुरुवातीचा तारा आणि शेवटचा तारा, असे दोन्ही त्याला ठरावीक जागी हवे असतात. जागा चुकली तर ते तारे साधी अक्षरं समजून छापले जातात. जागा चुकण्याची कारणं मोजकी आहेत, आणि मेसेज कसा दिसतो यावरून कोणतं कारण आहे ते बहुतेक वेळा ओळखता येतं. आपण ते लिहिलं असतंत तर हे उत्तर चार ओळींत आटोपलं असतं. लिहिलं नाहीत, म्हणून सगळंच सांगतो.

आपण पीडीएफचं नाव काढलंत, म्हणजे मजकूर बहुधा तिथूनच कॉपी केला असणार. पीडीएफमधून कॉपी केलं की कागदावरची प्रत्येक ओळ बऱ्याचदा एंटर घेऊनच येते. डोळ्यांना सलग वाटणारं वाक्य प्रत्यक्षात दोन-तीन तुकड्यांत असतं. ठळक करण्याची खूण मात्र एंटर ओलांडत नाही. एका ओळीत सुरू झालेला तारा त्याच ओळीत मिटला पाहिजे. पाण्याच्या टाकीच्या सफाईची नोटीस घ्या:

```
*शनिवार दि. १४ रोजी सकाळी ९ ते
सायंकाळी ५ पर्यंत पाणी बंद*
```

हे कधीच ठळक होणार नाही, दोन्ही तारे दिसतील. मधला एंटर काढला की होईल:

```
*शनिवार दि. १४ रोजी सकाळी ९ ते सायंकाळी ५ पर्यंत पाणी बंद*
```

फोनच्या अरुंद पडद्यावर ही ओळसुद्धा मोडून दोन ओळींत दिसेल, पण ती मोड पडद्याची आहे, एंटरची नाही, आणि तिचा काही त्रास नाही. दोन्हीतला फरक ओळखायचा तर मजकूर नोट्समध्ये पेस्ट करून फोन आडवा धरा. पडदा रुंद झाला तरी जी ओळ त्याच शब्दावर तुटते, तिथे एंटर आहे. तिच्या पुढच्या ओळीच्या सुरुवातीला कर्सर ठेवा, एकदा मागचं खोडा, एक स्पेस द्या. दोन ओळी खरोखरच वेगळ्या ठेवायच्या असतील तर प्रत्येक ओळीला तिची स्वतःची ताऱ्यांची जोडी द्या. दुसरा मार्ग नाही. (पीडीएफ जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली असेल तर पेस्ट केल्यावर मराठीच्या जागी भलतीच अक्षरं उमटतात. मग तारे राहू द्या, मजकूरच नव्याने टाइप करावा लागतो.)

दुसरं कारण म्हणजे मोकळी जागा. तारा आणि त्याला लागून असलेलं अक्षर यांच्यामध्ये स्पेस चालत नाही. माणूस मुद्दाम स्पेस देत नाही, कीबोर्ड देतो. ‘बंद’ हा शब्द सुचवलेल्या शब्दांतून उचललात की त्याच्यामागे आपोआप एक स्पेस पडते, आणि आपण त्या स्पेसनंतर तारा मारतो. मग असं होतं:

```
*पाणी बंद *
```

बघायला काही बिघडलेलं दिसत नाही, म्हणून माणूस ॲपला दोष देतो. उलट, पहिल्या ताऱ्यानंतर स्पेस पडली तर वेगळाच प्रकार होतो:

```
* पाणी बंद*
```

ओळीच्या सुरुवातीला तारा आणि मग स्पेस ही व्हॉट्सॲपमध्ये यादीची खूण आहे. त्यामुळे पाठवल्यावर समोर ठिपका येतो आणि शेवटी एकटा तारा लोंबकळतो. हा ठिपका दिसला की चौकशी संपली, पहिल्या ताऱ्यापुढची स्पेस काढा. दोन्ही तारे जसेच्या तसे दिसले तर शेवटची स्पेस, मधला एंटर किंवा खाली सांगितलेलं तिसरं कारण, तिघांपैकी एक. तो आपलाच प्रकार दिसतो, कारण आपण ‘नुसते तारेच’ म्हणालात, ठिपक्याचं नाव नाही.

तिसरं कारण खास आपल्या भाषेचं आहे, आणि मूळ लेखात मी ते एका वाक्यात उरकलं होतं. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो. इंग्रजीत वारानंतर स्पेस असते, तारा तिथे सुखाने बसतो. आपण ‘शनिवारपर्यंत’ मधला फक्त वार ठळक करायला जातो:

```
*शनिवार*पर्यंत पैसे भरावेत
```

मिटणाऱ्या ताऱ्याला लागूनच अक्षर आलं की ती खूण धरली जात नाही. तिच्यापुढे स्पेस, स्वल्पविराम, विसर्गासारखे दोन ठिपके किंवा ओळीचा शेवट असावा लागतो. प्रत्ययाऐवजी नुसती मात्रा बाहेर राहिली, म्हणजे ‘शनिवारी’ मधली ‘ी’, तर ती ताऱ्यावर अधांतरी लटकते आणि वाचणाऱ्याला टिंबांचा गोल दिसतो. उपाय एकच, प्रत्ययासकट अख्खा शब्द ताऱ्यांच्या आत घ्यायचा: `*शनिवारपर्यंत* पैसे भरावेत`. तारखेलाही हेच लागू. ‘१५ला’ लिहिताना १५ भोवती तारे नकोत, एकतर ‘१५ला’ पूर्ण आत घ्या, नाहीतर ‘१५ तारखेला’ लिहून सुटं करा.

तारे हाताने घालायचा कंटाळा असेल तर शब्द निवडून मेनूतलं Bold दाबा. ॲप हेच तारे घालतं, फक्त निवडताना शेवटची स्पेस सोबत येऊ देऊ नका.

आता पूर्ण नोटीस. मूळ मजकूर साधारण असा असतो: ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, गच्चीवरील पाण्याच्या टाक्यांच्या वार्षिक सफाईचे काम हाती घेण्यात येणार असून सदर कालावधीत पाणीपुरवठा बंद राहील, तरी सभासदांनी आवश्यक तो साठा करून ठेवावा, तसेच...’ वाक्य कुठे संपतं हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं. यातल्या प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाला तारे लावत बसलात (बहुतेक जण हेच करतात) तर काहीच उठून दिसत नाही. त्यापेक्षा आधी तोडा, मग ठळक करा:

```
*टाकी सफाई : शनिवारी आणि रविवारी पाणी बंद*

दोन्ही दिवशी वेळ सकाळी ९ ते सायंकाळी ५.

- *अ विंग* : शनिवार, दि. १४
- *ब विंग* : रविवार, दि. १५

आधी आणि नंतर करायचं:
1. आदल्या रात्री पाणी भरून ठेवा.
2. सकाळी ९ च्या आत सगळे नळ बंद करा.
3. पाणी आल्यावर पहिली पाच मिनिटं वाहू द्या.
```

पहिली ओळ ठळक आणि स्वयंपूर्ण का, तर लांब मेसेज व्हॉट्सॲप मध्येच दुमडतं आणि खाली Read more दाखवतं. ते सगळेच उघडत नाहीत. सूचनेच्या पट्टीवरही सुरुवातीचेच शब्द दिसतात. ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की’ ने सुरुवात केलीत तर ती जागा फुकट गेली.

ठिपक्यांच्या यादीला तारा आणि आडवी रेघ दोन्ही चालतात, पण मी रेघ घेतली आहे. यादीही ताऱ्याने आणि ठळकही ताऱ्याने केलं की ओळीच्या सुरुवातीला दोन तारे येतात आणि आठवड्याभराने मजकूर बदलताना कोणता कशाचा ते आपल्यालाच कळत नाही. रेघ साधी हायफनची हवी. वर्डमध्ये टाइप करताना हायफनची लांब डॅश झाली असेल तर ती यादी होत नाही. अंकांची यादी इंग्रजी अंक, टिंब, स्पेस अशीच लिहावी. मजकुरात देवनागरी आणि यादीत इंग्रजी अंक हे मलाही खटकतं, पण चालतं ते हे आहे.

तिरक्या अक्षरांबद्दल आपलं म्हणणं मान्य. देवनागरीला रोमनसारखं वेगळं घडवलेलं तिरकं वळण नाही. फोन उभीच अक्षरं यंत्राने कलती करतो, आणि छोट्या पडद्यावर ते एकतर कळत नाही, नाहीतर विद्रूप दिसतं. तिरक्या अक्षरांसाठीची अंडरस्कोअरची खूण मराठी नोटिशीत वापरूच नये, एवढं मूळ लेखात स्पष्ट लिहायला हवं होतं. तेवढी दुरुस्ती केली आहे. वरच्या नमुन्यात ती खूण नाही हे आपल्या लक्षात आलं असेलच.

याद्यांचा संबंध फोनच्या वयाशी नाही, ॲपच्या आवृत्तीशी आहे. ही सोय २०२४ मध्ये आली. ज्याच्याकडे ती नाही त्याला ठिपक्याऐवजी हायफन दिसेल, बाकी मजकूर तोच.

पीडीएफचं म्हणाल तर टाका की, कोण अडवतंय? सही-शिक्क्याची प्रत म्हणून ती हवीच. पण पाणी कधी बंद हे शोधायला ती उघडून दोन बोटांनी मोठी करून वाचावी लागते, आणि मग लोक ग्रुपवर ‘नक्की कधी?’ विचारतात. त्या प्रश्नांना उत्तरं देण्याचा खटाटोप आपण धरलेला दिसत नाही.

आणि हो, पुढच्या वेळी ग्रुपवर टाकण्याआधी स्वतःलाच पाठवून बघा. व्हॉट्सॲपमध्ये स्वतःच्या नावाने मेसेज करता येतो. ग्रुपवर गेल्यावर चूक दिसली तर १५ मिनिटांच्या आत संपादन करता येतं, पण तोवर कुणी पुढे पाठवला असेल तर ती प्रत तशीच राहते.

एवढं करूनही तारे दिसलेच तर स्क्रीनशॉट पाठवू नका, त्यात स्पेस दिसत नाही. तो मेसेज कॉपी करून इथे खाली पेस्ट करा. खुणा कॉपीत जशाच्या तशा येतात. कुठे स्पेस आहे आणि कुठे एंटर, ते मी सांगतो.